आवाज येतो, शब्द येत नाही

गेल्या शनिवारची गोष्ट. एका लग्नाला निघायचं होतं आणि नेहमीप्रमाणे घरात गोंधळ चालू होता. आईने स्वयंपाकघरातून आजीला हाक मारली, "साडी!" आजी म्हणाली, "गाडी आली?" आईने आवाज चढवला, "साडी! साडी!" मी धावत जाऊन आजीच्या कानाच्या मशीनचा आवाज दोन घरं वाढवला. काही फरक नाही. आजी वैतागली. "अगं, ओरडतेस कशाला? आवाज येतो मला. शब्द येत नाही."

मग आई बाहेर आली, आजीसमोर उभी राहिली आणि साध्या आवाजात म्हणाली, "आई, साडी नेसून घ्या, निघायचंय आता."

"हो, नेसते की," आजी म्हणाली. एका फटक्यात.

गंमत बघा. ओरडून सांगितलेला एक शब्द कळला नाही आणि हळू सांगितलेलं अख्खं वाक्य कळलं. त्या वाक्यातही 'साडी' होतीच, आणि त्यातला 'सा' आजीच्या कानाला तेवढाच अंधुक ऐकू आला असणार. म्हातारपणी आधी उंच पट्टीतले आवाज जातात. म्हणजे स, श, त, थ अशी व्यंजनं पुसट होतात आणि स्वर शाबूत राहतात. आजीपर्यंत पोचलं ते "...आडी नेसून घ्या". तरी तिला ऐकू आली ती साडीच. तिला तसं विचारलं तर म्हणाली, "साडीच म्हणाली ना ती, स्पष्ट!"

लग्नात जेवणाच्या रांगेत उभा असताना डोक्यात एकच चालू होतं. "आवाज येतो, शब्द येत नाही" हे वाक्य आजीच्या आधी कोणीतरी म्हटलंय. शब्द वेगळे असतील, पण मुद्दा हाच. रविवारी पुस्तकं काढून बसलो आणि तो पूर्ण दिवस त्यात गेला. त्याचा हा हिशोब.

'गाय' म्हणताना गाय कुठे असते?

संस्कृत व्याकरणात 'स्फोट' नावाची एक कल्पना आहे. मराठी माणसाला स्फोट म्हटलं की बॉम्बच आठवतो :) पण इथे मूळ धातू 'स्फुट्', म्हणजे उमलणं, फुटणं, उघड होणं. कळी फुटते तसं. शब्द ऐकता ऐकता जे एकदम उघड होतं, ते स्फोट.

ही कल्पना का लागली, ते कळायला आधी अडचण काय होती ते बघू. पतंजलीने इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकाच्या सुमाराला पाणिनीच्या सूत्रांवर 'महाभाष्य' लिहिलं. त्याची सुरुवातच एका भाबड्या वाटणाऱ्या प्रश्नाने होते. 'गौः' म्हटलं की त्यातला शब्द कुठला? ते गळ्याखाली लोंबणारी पोळी, शेपूट, वशिंड, खूर, शिंगं असलेलं जनावर? नाही, ती वस्तू झाली. मग तिचा पांढरा-काळा रंग? नाही, तो गुण झाला. मग शब्द म्हणजे काय? जे उच्चारल्यावर असं जनावर मनात येतं, ते.

ठीक आहे. पण उच्चारल्यावर म्हणजे नक्की कधी? पुढे दुसऱ्या एका सूत्राच्या चर्चेत पतंजलीच सांगतो की वाणी एका वेळी एकाच वर्णावर असते. 'गौः' मधला ग चालू असतो तेव्हा औ अजून जन्मलेला नसतो. औ येतो तेव्हा ग मेलेला असतो. विसर्ग येईपर्यंत दोघेही गेलेले. म्हणजे पूर्ण 'गौः' असा कुठल्याही क्षणी जगात नसतोच! कागदावर तीन अक्षरं शेजारी शेजारी बसतात म्हणून आपल्याला शब्द ही एक वस्तू वाटते. हवेत तशी वस्तू कधीच नसते.

आता अर्थ कोणी दिला? एकट्या 'ग'ने दिला म्हणावं, तर पुढचे वर्ण फुकट. शेवटच्या विसर्गाने दिला म्हणावं, तर विसर्ग हजारो शब्दांच्या शेवटी येतो, मग प्रत्येक वेळी गायच का नाही आठवत? तिघांनी मिळून दिला म्हणावं, तर तिघं एकत्र कधी भेटतच नाहीत.

'स्फोट' हा शब्द पतंजली वापरतो, पण थोड्या वेगळ्या संदर्भात. एकच शब्द कोणी भरभर बोलतो, कोणी सावकाश. मग प्रत्येक वेळी शब्द बदलतो का? त्याचं उत्तर नगाऱ्याचं आहे. नगाऱ्यावर ठोका मारला की कधी नाद वीस पावलं जातो, कधी तीस, कधी चाळीस. वाढतो-घटतो तो नाद, म्हणजे ध्वनी. स्फोट आहे तेवढाच राहतो. थोडक्यात, लांबी-रुंदी, मोठा-बारीक हे ध्वनीचे गुण, शब्दाचे नव्हेत.

हे वाचताना मला शनिवारचा मी दिसलो, मशीनचं बटण फिरवताना. मी ध्वनी वाढवत होतो. शब्द जिथे अडला होता तिथे त्या बटणाचा हात पोचतच नव्हता.

भर्तृहरी: आधी अख्खं, मग तुकडे

ही कल्पना मोठी केली भर्तृहरीने, साधारण पाचव्या शतकात, 'वाक्यपदीय' या ग्रंथात. (शतकं लिहिणारा भर्तृहरी तोच का, यावर अभ्यासकांचं एकमत नाही, त्यामुळे तो वाद इथे सोडून देऊ.)

भर्तृहरी म्हणतो, शब्द तुकड्यांनी बनत नाही. शब्द मुळात अखंड आहे, आणि ध्वनी त्याला फक्त उघड करतात. पहिला ध्वनी थोडं उघड करतो, दुसरा आणखी थोडं, आणि शेवटच्या ध्वनीबरोबर सगळं लख्ख होतं. त्याने दिलेलं उदाहरण शाळेत श्लोक पाठ केलेल्या प्रत्येकाला कळेल. श्लोक पहिल्यांदा वाचून पाठ होत नाही. दुसऱ्यांदाही नाही. पण प्रत्येक वाचन आत काहीतरी ठेवून जातं, आणि एका वाचनाला अचानक सगळा श्लोक आपला होतो. त्या शेवटच्या वाचनात वेगळं असं काहीच नव्हतं. तरी आधीची वाचनं नसती तर ते निष्फळ होतं.

आणि तो इथे थांबत नाही. त्याच्या मते खरा अखंड घटक शब्दही नाही, वाक्य आहे. वाक्यातून शब्द वेगळे काढणं ही आपण व्याकरण शिकवण्यासाठी केलेली सोय आहे, जशी शब्दातून धातू आणि प्रत्यय वेगळे काढण्याची सोय. 'ब्राह्मणकंबल' (ब्राह्मणासाठीचं कांबळं) या समासात 'ब्राह्मण' हा सुटा अर्थ जसा उरत नाही, तसेच वाक्यात सुटे शब्द सुटा अर्थ बाळगत नाहीत, असं तो म्हणतो. आपण मराठीत बघू. 'आगगाडी' ऐकल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे आग येते का? मला तरी आजवर कधी आली नाही. हा लेख लिहिताना पहिल्यांदा आली.

वाक्य ऐकल्यावर जी अर्थाची चमक उठते तिला भर्तृहरी 'प्रतिभा' म्हणतो. ती तुकड्यांची बेरीज नसते. ती एकदम येते, आणि आली की आपल्याला वाटतं की तुकडे आधीपासून स्पष्टच होते. "साडीच म्हणाली ना ती, स्पष्ट!"

कुमारिलाचा बफर

इथपर्यंत वाचून माझ्यातला इंजिनिअर जरा अस्वस्थ झाला. एवढ्यासाठी 'अखंड शब्द' नावाची अदृश्य गोष्ट कशाला मानायची? वर्ण येतात आणि नष्ट होतात, हे कबूल. मग येताना साठवून ठेवा की! बफर ठेवा, शेवटचं अक्षर आलं की बफर वाचा, कोशात बघा, अर्थ काढा. संपलं.

मी स्वतःवर खूश होतो तेवढ्यात कळलं की हे उत्तर सातव्या शतकातच देऊन झालंय. मीमांसक कुमारिल भट्टाने 'श्लोकवार्तिका'त 'स्फोटवाद' असं एक आख्खं प्रकरण लिहून स्फोटाची पिसं काढली आहेत. त्याच्या आधी शबराने आपल्या भाष्यात उपवर्ष नावाच्या जुन्या आचार्याचा हवाला देऊन सांगितलं होतं की 'गौः' हा शब्द म्हणजे ग, औ आणि विसर्ग, बस्स. आधीचे वर्ण जाताना मनावर संस्कार ठेवून जातात. ते संस्कार आणि शेवटचा वर्ण मिळून अर्थ देतात. बफर आणि शेवटचं अक्षर!

कुमारिलाचा टोला असा. वर्ण एकत्र येत नाहीत म्हणून ते अर्थ देऊ शकत नाहीत, असं तुम्ही म्हणता. मग एकत्र न येणारे वर्ण तुमचा स्फोट तरी कसा उघड करतात? तिथे तुम्हालाही संस्कार मानावेच लागतात. म्हणजे संस्कार आम्हीही मानले, तुम्हीही मानले. तुमच्याकडे वर एक स्फोट जास्तीचा. आमची मांडणी हलकी.

पण कुमारिल एवढा पेटला का होता? हे मला सगळ्यात आवडलं, कारण त्याने प्रकरणाच्या शेवटी कारण सांगून टाकलंय. यज्ञात एक प्रकार असतो, 'ऊह'. मूळ यज्ञ अग्नीसाठी असेल तर मंत्रात 'अग्नये' येतं. त्याच धर्तीचा यज्ञ सूर्यासाठी केला तर बाकी मंत्र तसाच ठेवून त्या एका शब्दाच्या जागी 'सूर्याय' म्हणायचं. आपल्या भाषेत, फाइंड अँड रिप्लेस. आता मंत्र अखंड आहे आणि त्याचे तुकडे खोटे आहेत असं मानलं, तर बदलायचं काय? खोट्या तुकड्याच्या जागी दुसरा खोटा तुकडा? शब्दाचे आणि वाक्याचे अवयव खरे असले तरच ही कर्मं खरी ठरतात, म्हणून हा खटाटोप, असं तो म्हणतो. म्हणजे हा वाद नुसता शब्दांचा खेळ नव्हता. कुमारिलाचं सगळं कामकाज त्या तुकड्यांवर चालत होतं.

मंडनमिश्राचं उत्तर

त्यानंतर थोड्याच काळात मंडनमिश्राने 'स्फोटसिद्धी' लिहिली. मंडन स्वतः मीमांसक. परंपरा तर त्याला कुमारिलाचा शिष्यच मानते. तरी या एका मुद्द्यावर तो वैयाकरणांच्या बाजूने कुमारिलाच्या विरोधात उभा राहिला.

त्याचा पहिला आक्षेप बफरवर आहे. संस्कार कशाचा? ज्याचा अनुभव आला त्याचा. 'ग'च्या संस्कारातून 'ग'चं स्मरण होईल. तीन वर्णांचे तीन संस्कार, त्यातून तीन स्मरणं. त्यात गाय कुठून आली? बफरमध्ये जे भरलं तेच बाहेर येणार, न भरलेलं कसं येईल?

दुसरा आक्षेप क्रमाचा. संस्कृतात 'नदी' आणि 'दीन' घ्या. दोन्हींत तेच चार वर्ण: न्, अ, द्, ई. (मराठीत आपण दीनचा शेवटचा अ गिळतो. संस्कृतात तो पूर्ण उच्चारायचा.) चारही संस्कार मनात एकाच वेळी हजर असतील तर नदी कुठली आणि दीन कुठला? मी लगेच करून बघितलं:

```
>>> sorted("नदी") == sorted("दीन")
True
>>> "नदी" == "दीन"
False
```

संगणकाला फरक कळतो, कारण प्रत्येक अक्षराबरोबर त्याची जागाही साठवलेली असते. पण जागा हा वर्णाचा गुण नाही. ती अख्ख्या ओळीची गोष्ट आहे. म्हणजे ओळ ही एक वस्तू म्हणून आधी मानावी लागली!

तिसरी गोष्ट म्हणजे कुमारिलाच्या टोल्याला दिलेलं उत्तर, आणि माझ्या मते खरी चमक इथे आहे. वर्ण अर्थ देऊ शकत नाहीत तर स्फोट कसा उघड करतील? मंडन म्हणतो, दोन्हींत फरक आहे. अर्थाचं ज्ञान एकतर होतं नाहीतर होत नाही. अर्धी गाय समजली असं होत नाही. पण स्फोट कळतो तो प्रत्यक्ष दिसल्यासारखा, आणि दिसणं अंधुक असू शकतं. लांबून झाड हत्तीसारखं दिसतं. एकटक बघत राहिलं की हत्ती विरतो आणि झाड उरतं. प्रत्येक नजर त्याच अख्ख्या झाडावर होती. पहिल्या नजरेला फांदी, दुसऱ्या नजरेला खोड असं काही झालं नाही. तसंच पहिला वर्णही अख्खा शब्दच दाखवतो, फक्त धूसर. पुढचे वर्ण धूसरपणा कमी करत जातात. रत्नपारखी खडा पुन्हा पुन्हा फिरवून बघतो आणि शेवटी एका नजरेत त्याला पाणी कळतं, तसं.

पुढे शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्यात पुन्हा उपवर्षाचीच बाजू घेतली आणि क्रमाच्या आक्षेपाला छान उत्तर दिलं: मुंग्या. मुंग्या एकामागून एक जातात, आणि आपल्याला 'रांग' दिसते. रांग नावाची वेगळी वस्तू नाही, क्रमाने चालणाऱ्या मुंग्यांवर बुद्धीने घेतलेली ती एक पकड आहे. शब्दही तसाच.

मुंग्या का हत्ती?

इथे मी अडकलो. दोन्ही बाजू पटत होत्या. मग शोधता शोधता एका अमेरिकन मानसशास्त्रज्ञाचे प्रयोग सापडले. नाव रिचर्ड वॉरन. त्याचा भर्तृहरीशी काही संबंध नाही, पण प्रश्न नेमके तेच.

पहिला प्रयोग १९६९चा. सूर, भणभण, फुस्स असे एकमेकांशी संबंध नसलेले तीन-चार आवाज, प्रत्येकी २०० मिलिसेकंद, एकामागून एक फिरत ठेवले. ऐकणाऱ्यांना फक्त क्रम सांगायचा होता. त्यांना तो सांगता येईना! आवाज सगळे ओळखू येत होते, पण कोणाच्या मागून कोण, हे कळत नव्हतं. आता आपण बोलताना सेकंदाला साधारण दहा-पंधरा वर्ण जातात, म्हणजे प्रत्येकाला १०० मिलिसेकंद किंवा त्याहून कमी. तिथे मात्र नदी आणि दीन यात आपला गोंधळ होत नाही. म्हणजे मुंग्या एकेक मोजून रांग ठरवण्याएवढा वेळच कानाला मिळत नाही. आपण शब्द ओळखतो आणि मग त्यातला क्रम 'ऐकल्याचं' आपल्याला वाटतं. मंडनाचं पारडं जड.

दुसरा १९७०चा. एका इंग्रजी वाक्याच्या ध्वनिमुद्रणातून एका शब्दातला 'स'चा आवाज कापून तिथे खोकला चिकटवला. वीस जणांना ऐकवलं आणि विचारलं, कुठला आवाज गायब आहे का? एकोणीस जण म्हणाले, सगळे आवाज आहेत. विसाव्याने गायब आवाज सांगितला तो भलताच. शिवाय खोकला वाक्यात नेमका कुठे आला, हेही लोकांना नीट सांगता येईना.

त्याच वर्षी वॉरन दांपत्याने याचा पुढचा प्रकार नोंदवला. शब्दाचं पहिलं व्यंजन काढून तिथे खोकला, आणि तो शब्द कुठला हे ठरवणारा शब्द वाक्यात नंतर. त्यांची उदाहरणं इंग्रजी आहेत, पण आमच्या घरी मराठी आवृत्ती तयारच होती. "(खोकला)आडी" असं ऐका आणि पुढे "नेस" म्हणा, साडी होते. "हाक" म्हणा, गाडी होते. "चढ" म्हणा, माडी होते. "बघ, ताप आहे का" म्हणा, नाडी होते. पुढून आलेला शब्द मागे जाऊन हरवलेलं व्यंजन भरतो, आणि आपल्याला मात्र ते व्यंजन वेळेवर ऐकल्यासारखं वाटतं. वाक्य आधी, शब्द नंतर. भर्तृहरीने हेच म्हटलं होतं.

म्हणजे स्फोटवाद्यांनी सामना जिंकला? मलाही रविवारी संध्याकाळी असंच वाटलं होतं. मग जरा शांतपणे विचार केला.

आईने नुसतं "साडी आण" म्हटलं असतं तर? "...आडी आण". साडीही आणता येते, गाडीही आणता येते. इथे वाक्य काहीच मदत करत नाही. इथे सगळा भार त्या एका 'स'वर आहे, तो नाही तर शब्द नाही. तुकडे जर खोटे, निव्वळ सोयीचे, तर एका तुकड्याच्या नसण्याने एवढं का अडावं? इथे कुमारिल हसत असणार. त्याच्या 'अग्नये'च्या जागी 'सूर्याय'सारखंच, एक तुकडा बदलला की सगळं बदलतं, म्हणून तुकडा खरा.

आणि दुसरी गोष्ट. वॉरनच्या प्रयोगांतून मेंदू अख्ख्यावरून तुकडा भरतो एवढंच दिसतं. त्यातून भर्तृहरीचा शब्दब्रह्म सिद्ध होत नाही. सगळं जग शब्दतत्त्वाचंच रूप आहे, हे त्याचं म्हणणं प्रयोगशाळेच्या कक्षेतलं नाहीच. प्रयोगांना भिडतो तो त्याच्या ग्रंथातला छोटा, व्यवहारी भाग: ऐकणारा वर्ण वेचत बसत नाही, तो अख्ख्याची धूसर प्रतिमा धरतो आणि ती स्वच्छ करत जातो. एवढ्या भागापुरतं मंडनाचं हत्ती-झाड मला बफरपेक्षा जास्त खरं वाटतं. पण ती प्रतिमा स्वच्छ होते ती त्या तुकड्यांनीच, हे कुमारिलाचं देणं विसरता येत नाही.

एक काळे काशीत

हा वाद आठव्या शतकात संपला नाही. अगदी अठराव्या शतकात काशीत नागेशभट्टाने 'स्फोटवाद' नावाचाच ग्रंथ लिहिला. हा नागेश (नागोजीभट्ट) आपला मराठी माणूस, आडनाव काळे. त्याचा आश्रयदाता होता शृंगवेरपूरचा राजा रामसिंह. नागेश या मताचं मूळ थेट स्फोटायन नावाच्या ऋषीकडे नेतो. पाणिनीच्या एका सूत्रात स्फोटायनाचं नाव खरंच येतं, फक्त तिथे विषय स्फोटाचा नसून 'गो' शब्दाच्या संधीचा आहे. पुन्हा गायच! :)

आणि पुणेकरांना सांगण्यासारखं म्हणजे, मंडनाच्या 'स्फोटसिद्धी'चं सुब्रह्मण्य अय्यर यांनी केलेलं इंग्रजी भाषांतर १९६६ साली आपल्याच डेक्कन कॉलेजने प्रसिद्ध केलं. मी त्या रस्त्याने बाइकवरून कितीतरी वर्षं गेलोय. आत कधी वळलो नव्हतो.

असो. या सगळ्याचा आमच्या घरी झालेला परिणाम सांगतो आणि थांबतो. रविवारी रात्री मी आजीच्या मशीनचा आवाज परत मूळ जागी आणून ठेवला. आईला म्हटलं, आजीला सुटा शब्द ओरडून सांगायचा नाही. समोर जायचं, पूर्ण वाक्य बोलायचं, आणि वाक्यात शब्द ओळखू येईल असं क्रियापद टाकायचं. "साडी आणा" नाही, "नेसायची साडी आणा". आईने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "हे सांगायला तुला रविवार लागला? मी तुझ्या आजीशी दोन वर्षं असंच बोलतेय. शनिवारी घाई होती म्हणून ओरडले."

आत आजी कोणाशी तरी फोनवर बोलत होती. फोनवर समोरच्याचे ओठ दिसत नाहीत, त्यामुळे तिला जास्तच त्रास होतो. दोनदा "काय?" म्हणाली. तिसऱ्यांदा मध्येच थांबली, आणि मग एकदम, "हां हां, आलं लक्षात!"

त्या 'काय?' आणि 'हां हां' यांच्यामध्ये जो क्षण गेला, त्यावरच ही मंडळी एवढी शतकं भांडत होती.